गो: शेवटच्या टप्प्यात कोणती खेळी मोठी, हे मोजायचं कसं

गोच्या डावात मारामारी संपते, सगळे गट जगलेत की मेलेत हे कळतं, आणि मग पटावर काळ्या-पांढऱ्याच्या सीमारेषा तेवढ्या पक्क्या करायच्या उरतात. जपानी खेळाडू या टप्प्याला योसे म्हणतात. नवखा खेळाडू इथे दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर समोरच्याने जिथे सोंगटी ठेवली तिथेच उत्तर देत राहतो, नाही तर नजरेला जी जागा मोठी दिसते तिथे खेळतो. दोन्हीत मोजणी नसते. योसेत दर खेळीला एखाद-दुसरं घर सुटत गेलं की शेवटी दहा-बारा घरं कधी गेली ते कळत नाही. जपानी नियमांत पांढऱ्याला साडेसहा घरांची कोमी मिळते आणि अर्ध्या घराने लागलेले निकाल व्यावसायिक डावांत नेहमीचे आहेत. कोरियाचा ली चांगहो तर अशा अर्ध्या घराच्या विजयांसाठीच ओळखला जायचा.

या लेखात एकच आकार घेऊन मोजणी शिकू या: पहिल्या ओळीवरची हाने आणि जोडणी. हाने म्हणजे समोरच्याच्या सोंगटीला वळसा घालून तिच्या पुढ्यात ठेवलेली सोंगटी. हा आकार जवळजवळ प्रत्येक डावात येतो, आणि भोवतीची एखादी सोंगटी बदलली की त्याची किंमत बदलते. सेन्ते, गोते आणि उलटी सेन्ते या तिन्ही गोष्टी याच आकारात सापडतात.

आधी पट पाहा

```
    १ २ ३ ४ ५ ६ ७ ८
४   · · · ● ○ · · ·
३   · · · ● ○ · · ·
२   · ● · ● ○ · ○ ·
१   · · · · · · · ·
```

सगळ्यात खालची ओळ म्हणजे पटाची कड. डावीकडचा मुलूख काळ्याचा, उजवीकडचा पांढऱ्याचा, आणि दोन्ही बाजूंचे गट जिवंत आहेत असं धरा. जागा सांगताना आधी स्तंभ, मग ओळ सांगेन. म्हणजे ५-१ ही पाचव्या स्तंभातली कडेची जागा. २-२ आणि ७-२ वरच्या सुट्या सोंगट्यांकडे लक्ष असू द्या. सगळा खेळ पुढे त्यांच्यावरच फिरणार आहे.

पहिली पायरी: दोन्ही शेवट मांडा

कुठल्याही सीमेची किंमत काढताना एकच प्रश्न दोनदा विचारायचा. इथे काळा आधी खेळला तर शेवटी काय दिसेल? आणि पांढरा आधी खेळला तर? मधल्या चाली सोडून फक्त शेवटची दोन चित्रं शेजारी ठेवायची.

काळा आधी: काळा ५-१ वर हाने करतो. पांढरा ६-१ वर अडवतो. आता ५-१ वरच्या काळ्या सोंगटीला ४-१ ही एकच मोकळी जागा उरते, म्हणजे ती आटारीत आहे. म्हणून काळा ४-१ वर जोडतो. पांढऱ्याला आणखी काही करावं लागतं का? काळ्याने ६-२ वर तोडायचा प्रयत्न केला तर त्या सोंगटीच्या तीन बाजूंना पांढरे आहेत: ५-२, ६-१ आणि ७-२. पांढरा ६-३ वर ठेवून ती लगेच उचलतो. म्हणजे तोड चालत नाही, पांढरा निर्धास्त आहे, आणि इथला खेळ संपला.

पांढरा आधी: हेच आरशात पाहा. पांढरा ४-१, काळा ३-१, पांढरा ५-१ वर जोडतो. २-२ वरच्या सोंगटीमुळे काळ्याच्या ३-२ वर तोड चालत नाही. इथेही खेळ संपला.

आता फक्त ज्या जागा बदलल्या त्याच मोजा. काळा आधी खेळला तर ३-१ हे काळ्याचं घर राहतं आणि ६-१ वर पांढऱ्याला स्वतःचीच सोंगटी ठेवावी लागते, म्हणजे ते घर जातं. पांढरा आधी खेळला तर ३-१ काळ्याच्या हातून जातं आणि ६-१ पांढऱ्याला मिळतं. ४-१ आणि ५-१ दोन्ही चित्रांत कुणाचंच घर नाही, म्हणून ती सोडून द्या. काळ्याकडे एकाचा फरक, पांढऱ्याकडे एकाचा. एकूण दोन घरं.

इथे दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे जोडणीला लागलेली स्वतःची जागा मोजायची राहते. काळ्याने ४-१ वर जोडलं तेव्हा त्याचं तिथलं एक घर बुजलंच, ते विसरून ‘मी पांढऱ्याची दोन घरं खाल्ली’ असा हिशोब लागतो. दुसरी चूक सोंगट्या पकडण्याच्या वेळी होते. जपानी मोजणीत एक सोंगटी पकडली की दोन घरं मिळतात: एक कैद्याचं आणि एक त्या जागेचं. दोन सोंगट्या पकडल्या तर चार. नवखा माणूस दोनच मोजतो, आणि पटावरची मोठी खेळी त्याला छोटी दिसते.

दुसरी पायरी: शेवटची सोंगटी कोणाची?

वरच्या चालींत काळा आधी खेळला तेव्हा क्रम होता काळा, पांढरा, काळा. शेवटची खेळी काळ्याचीच, म्हणजे पुढची पाळी पांढऱ्याची. जो सुरुवात करून शेवटही स्वतःच करतो, तो गोतेत खेळला. जो सुरुवात करतो पण शेवटचं उत्तर समोरच्याला द्यायला लावतो, तो सेन्तेत खेळला, कारण पुढची पाळी परत त्याचीच येते.

वरच्या पटावर दोघांनाही ही खेळी गोतेच आहे. म्हणून तिला ‘दोन घरांची गोते’ म्हणतात.

ली चांगहो असो नाहीतर तुमच्या शेजारचा, सगळे हे असंच मोजतात. फरक पडतो तो पुढच्या पायरीत.

तिसरी पायरी: एक सोंगटी उचलून पुन्हा मोजा

आता ७-२ वरची पांढरी सोंगटी काढून टाका. २-२ वरची काळी राहू द्या. बाकी पट तोच.

काळा आधी: ५-१, पांढरा ६-१, काळा ४-१. इथवर तेच. पण आता काळा ६-२ वर तोडू शकतो. ती सोंगटी पडली की ६-१ वरची पांढरी आटारीत येते. पांढऱ्याने ७-२ वरून रोखलं तर काळा ७-१ वर खेळून ६-१ उचलतो आणि पांढऱ्याच्या मुलुखात भगदाड पाडतो. म्हणून पांढऱ्याला वेळीच ६-२ वर जोडावं लागतं. शेवट असा:

```
    १ २ ३ ४ ५ ६ ७ ८
२   · ● · ● ○ ○ · ·
१   · · · ● ● ○ · ·
```

पांढरा आधी: ४-१, काळा ३-१, पांढरा ५-१. काळ्याला काही करायची गरज नाही, कारण त्याची २-२ जागेवर आहे.

```
    १ २ ३ ४ ५ ६ ७ ८
२   · ● · ● ○ · · ·
१   · · ● ○ ○ · · ·
```

दोन चित्रांतला फरक: काळ्याचं ३-१, आणि पांढऱ्याचं ६-१ व ६-२. एकूण तीन घरं. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. काळा आधी खेळला तर चालींचा क्रम काळा, पांढरा, काळा, पांढरा. चार चाली, आणि पाळी परत काळ्याची. म्हणजे काळ्यासाठी ही सेन्ते आहे. पांढरा आधी खेळला तर मात्र शेवटही पांढऱ्याचाच, म्हणजे त्याच्यासाठी गोते. पण या गोतेने त्याने काळ्याची सेन्ते हिरावून घेतली. अशा खेळीला उलटी सेन्ते म्हणतात. ‘तीन घरांची’ हा आकडा दोघांना सारखाच, पण काळ्याला ती फुकट मिळते आणि पांढऱ्याला त्यासाठी एक पाळी मोजावी लागते.

आता २-२ वरची काळीही काढा. मग पांढऱ्याच्या हानेनंतर काळ्यालाही ३-२ वर जोडावं लागेल. फरक होतो चार घरांचा: ३-१, ३-२, ६-१, ६-२. आणि जो आधी पोचेल त्याला ती सेन्तेत मिळते. हिला दुहेरी सेन्ते म्हणतात. खेळाडू हिच्याबद्दल फार बोलतात. प्रत्यक्षात तोड दोन्ही बाजूंना तितकीच जोरकस असेल असा पट सहसा जुळत नाही. जुळला तर मात्र वाट पाहायची नाही.

एकच हाने-जोडणी दोनची गोते, तीनची सेन्ते किंवा चारची दुहेरी सेन्ते ठरते, ती शेजारच्या एका सोंगटीवरून. म्हणून पाठ केलेल्या आकड्यांच्या भरवशावर राहू नका. तोडीच्या जागी मनात सोंगटी ठेवा आणि ती पकडली जाते का ते बघा. एवढी तपासणी केली की तुमची हाने सेन्ते आहे की नाही हे कळतं.

चौथी पायरी: सगळं एकाच मापात आणा

इथे खरी अडचण येते. एका कोपऱ्यात पाच घरांची गोते आहे आणि दुसरीकडे तीन घरांची उलटी सेन्ते. पाच तीनपेक्षा मोठे, म्हणून आपण पाच घेतो. हा निष्कर्ष चुकीचा निघू शकतो, कारण दोन आकडे वेगळ्या मापात आहेत.

आतापर्यंत आपण जी मोजणी केली, म्हणजे दोन शेवटांतला एकूण फरक, तिला देइरी मोजणी म्हणतात. दुसरी पद्धत मियाई मोजणी. तीत एकच गोष्ट जास्त करायची: एकूण फरकाला भागायचं. कशाने? दोन्ही शेवटांत कोणी किती चाली जास्त खेळल्या, त्या फरकाने.

दोन घरांची गोते घ्या. काळा आधी खेळला तर तिथे काळ्याच्या दोन चाली आणि पांढऱ्याची एक. काळा एकाने पुढे. पांढरा आधी खेळला तर पांढरा एकाने पुढे. दोन शेवटांमधलं अंतर दोन चालींचं आहे. दोन घरांना दोनने भागा: दर खेळीला एक घर.

तीन घरांची सेन्ते घ्या. काळा आधी खेळला तर दोघांच्या दोन-दोन चाली, कोणीच पुढे नाही. पांढरा आधी खेळला तर पांढरा एकाने पुढे. अंतर एका चालीचं. तीनला एकने भागा: दर खेळीला तीन घरं.

म्हणजे गोतेचा आकडा निम्मा होतो आणि उलट्या सेन्तेचा तसाच राहतो. जुने खेळाडू हेच थोडक्यात सांगायचे: सेन्तेचा आकडा दुप्पट धरा आणि मग गोतेशी तुलना करा. तीनची उलटी सेन्ते सहाच्या गोतेइतकी. मग पाचची गोते (दर खेळीला अडीच) तिच्यापुढे छोटी पडते.

पाचवी पायरी: धमकी खरंच भरते का?

सेन्ते हा खेळीचा कायमचा गुण नसतो, आणि माझ्या अनुभवात नवखे सर्वांत जास्त इथेच फसतात. काळ्याने हाने-जोडणी केली आणि पांढऱ्याने ६-२ वर जोडलं नाही, तर काळा तोडेल. या तोडीने पांढऱ्याचं समजा सहा घरांचं नुकसान होतं. आता पटावर दुसरीकडे सोळा घरांच्या फरकाची गोते पडलेली आहे. पांढरा काय करेल? काळ्याला तोडू देईल, सहा घरं सोडेल आणि सोळांची जागा घेईल. हिशोब त्याच्या बाजूने आहे. म्हणजे त्या क्षणी काळ्याची हाने सेन्ते नव्हती. काळ्याने ती सेन्ते समजून खेळली आणि सोळांची खेळी पांढऱ्याच्या हातात दिली.

डाव पुढे सरकला, मोठ्या जागा संपल्या, आणि उरलेल्यांत सर्वांत मोठी गोते पाच घरांची आहे. आता तीच हाने खेळली की पांढऱ्याला उत्तर द्यावंच लागेल. नाही दिलं तर तो पाच मिळवेल आणि सहा गमावेल. त्या जागी काहीच न बदलता खेळी सेन्ते झाली, कारण बाहेरची सर्वांत मोठी खेळी धमकीपेक्षा लहान झाली.

म्हणून सेन्ते खेळण्याआधी दोन आकडे हवेत. एक, समोरच्याने उत्तर नाही दिलं तर मला किती मिळेल. दोन, पटावर दुसरीकडे सर्वांत मोठी गोते किती घरांची आहे. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तरच ती सेन्ते. उत्तर देणाऱ्यानेही हेच विचारायचं. समोरच्याने सोंगटी ठेवली म्हणून हात आपोआप तिकडे जात असेल तर थांबा, त्याच्या धमकीची किंमत मोजा.

याच तर्काने सेन्ते केव्हा खेळायची तेही ठरतं. ती जरा लवकर खेळली आणि समोरच्याने मान खाली घालून उत्तर दिलं, तर लगेच दिसणारं नुकसान नाही. पण को लढाई सुरू झाली की धमक्या लागतात, आणि आपली सेन्ते ही आयती धमकी असते. ती खर्च करून बसलात तर कोमध्ये हात रिकामे. उलट फार उशीर केला तर पांढरा उलट्या सेन्तेने ती घेऊन जातो. मधली वेळ साधायची. मला विचाराल तर पटावर को होण्याची शक्यता दिसत असेल तर थांबावं, नसेल तर बाहेरची खेळी धमकीखाली उतरल्याबरोबर सेन्ते खेळून मोकळं व्हावं.

एक पूर्ण उदाहरण

पांढऱ्याची पाळी आहे. पटावर पाच जागा उरल्या आहेत.

पहिली जागा आपली ओळखीची: काळ्याची २-२ आहे, पांढऱ्याची ७-२ नाही. पांढऱ्यासाठी तीन घरांची उलटी सेन्ते. काळ्याची धमकी सहा घरांची.

दुसऱ्या जागी काळ्याच्या दोन सोंगट्या आटारीत आहेत. पांढऱ्याने पकडल्या तर चार घरं. काळ्याने सोडवल्या तर पांढऱ्याला ते चार मिळत नाहीतच, वर काळ्याचं शेजारचं एक घरही वाचतं. फरक पाच. कोणीही खेळला तरी गोते.

बाकी तीन जागा चार, तीन आणि दोन घरांच्या गोते आहेत. शेवटची दोन घरांची म्हणजे लेखाच्या सुरुवातीचा पट. सर्वांत मोठी गोते पाचची आणि धमकी सहाची, त्यामुळे काळ्याची पहिल्या जागेवरची सेन्ते खरी आहे.

पांढऱ्याने पाच घेतले तर काय होतं ते आधी पाहू. पांढरा पाच घेतो. काळा लगेच सेन्ते खेळतो, पांढरा जोडतो, पाळी परत काळ्याची. काळा चार घेतो, पांढरा तीन, काळा दोन. पांढऱ्याच्या पदरी पाच आणि तीन, म्हणजे आठ घरं.

आता पांढऱ्याने उलटी सेन्ते आधी खेळली तर: पांढऱ्याला तीन. काळा पाच घेतो, पांढरा चार, काळा तीन, पांढरा दोन. पांढऱ्याच्या पदरी तीन, चार आणि दोन, म्हणजे नऊ घरं.

एका घराचा फायदा. तोही ‘छोटी’ दिसणारी खेळी आधी खेळल्यामुळे. मियाई मोजणीने हेच आधी सांगितलं होतं: उलटी सेन्ते दर खेळीला तीन, पाचची गोते दर खेळीला अडीच.

काळ्याची पाळी असती तर त्याने सेन्ते आधी खेळून पांढऱ्याचा तो दरवाजा बंद केला असता आणि मग पाच घेतले असते. सेन्तेने पाळी हातची जात नाही, त्यामुळे आधी खेळण्यात त्याचं काही जात नाही.

आणि जिथे हा नियम चुकतो

याच पटावरून चार, तीन आणि दोनच्या गोते काढून टाका. पांढऱ्याची पाळी, उरल्यात फक्त दोन जागा: तीनची उलटी सेन्ते आणि पाचची गोते. नियम सांगतो उलटी सेन्ते घ्या. घेतली तर पांढऱ्याला तीन, काळ्याला पाचची जागा, डाव संपला. पाच घेतले तर काळा सेन्ते खेळतो, पांढरा जोडतो, डाव संपला, पांढऱ्याला पाच. पाच घेणं सरळ दोन घरांनी चांगलं.

असं का? मियाई मोजणी गृहीत धरते की पुढेही हळूहळू लहान होत जाणाऱ्या खेळी पडल्या आहेत आणि पाळी मिळण्याला काहीतरी किंमत आहे. पट संपत आला की पाळी मिळूनही खेळायला काही उरत नाही. मग उलटी सेन्ते घेऊन मिळवलेली पाळी वाया जाते.

मधल्या पटांवर हे आलटून पालटून होतं. पाच आणि चारच्या गोते उरल्या असतील तर उलटी सेन्ते आधी खेळणाऱ्याला तीन अधिक चार, म्हणजे सात. पाच घेणाऱ्याला फक्त पाच. त्यात तीनची गोते आणखी असेल तर उलट्या सेन्तेवाल्याला सातच, आणि पाचवाल्याला पाच अधिक तीन, म्हणजे आठ. शेवटची मोठी खेळी कोणाला मिळते यावर निकाल फिरतो. सरासरीने पाहिलं तर नियम बरोबर आहे, पण एखाद्या विशिष्ट पटावर तो एखाद-दोन घरांनी चुकू शकतो.

म्हणून मी असं करतो. आठ-दहा जागा उरल्या असतील तर मियाई आकड्यांवर विश्वास ठेवतो आणि मोठा आकडा आधी घेतो. चार-पाच जागा उरल्या की आकडे बाजूला ठेवून वरच्यासारखे दोन-तीन क्रम शेवटपर्यंत मनात खेळून बेरीज करतो. इतक्या कमी जागा असताना हे अवघड नाही. फक्त बेरजेत समोरच्याने सेन्ते खेळली तर उत्तर देऊन पाळी त्याच्याकडेच जाते, हे विसरायचं नाही. बेरीज चुकते ती बहुतेक वेळा इथेच.

सरावासाठी नऊ बाय नऊचा पट पुरेसा आहे. संपलेल्या एखाद्या डावात मारामारी थांबते त्या जागेपर्यंत मागे जा. प्रत्येक सीमेसाठी कागदावर तीन गोष्टी लिहा: दोन शेवटांतला फरक, कोणाला सेन्ते, आणि दर खेळीचा आकडा. मग डाव प्रत्यक्ष कसा खेळला गेला ते पाहा. सुरुवातीला एका सीमेला पाच मिनिटं लागतील. घाई करू नका, पण हाने-जोडणीसारखे आकार तीन-चारदा हाताखालून गेले की आकडा पाहताक्षणी सुचतो, आणि वेळ फक्त तोड चालते की नाही ते तपासायला लागतो.

शेवटी कुणालाच घर न देणाऱ्या दामे जागा उरतात. जपानी मोजणीत त्यांची किंमत शून्य, म्हणून त्या सगळ्यात शेवटी भरायच्या. पण भरताना लक्ष ठेवा: दामे भरल्यावर एखाद्या गटाच्या मोकळ्या जागा कमी होतात, आणि आधी न चालणारी तोड चालायला लागते. मग आपल्याच मुलुखात जोडणीला एक सोंगटी घालावी लागते. ती घालायची राहिली तर मोजून मिळवलेली घरं तिथेच जातात. चिनी नियमांत पटावरची आपली सोंगटीही मोजली जाते, त्यामुळे तिथे दामेलाही एका घराची किंमत असते आणि शेवटची दामे कोण भरतो त्यावर अर्ध्या घराचा डाव फिरू शकतो.